नऊ वाजताचा प्रेक्षक

यूट्यूबवर मराठी चॅनेल चालवणाऱ्या कुणाशीही थोडा वेळ बोला, एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘आपला प्रेक्षक २५ ते ३४ वयाचा, जास्त करून मुंबई-पुण्याचा, आणि रात्री नऊला ऑनलाइन असतो.’ यूट्यूब स्टुडिओतल्या प्रेक्षकांच्या पानावरचे वय, ठिकाण आणि वेळ असे तीन अहवाल या एका वाक्यात बसलेले असतात. वाक्य पक्कं झालं की पुढचे निर्णय आपोआप होतात. विषय तरुणांना रुचतील असे, उदाहरणं शहरातली, आणि व्हिडिओ रात्री नऊला. पुढच्या महिन्यात अहवाल तेच सांगतो, म्हणून निर्णय बरोबर ठरला असं समाधानही मिळतं.

माझं म्हणणं असं की हे वाक्य आकड्यांतूनच आलेलं असलं, तरी त्याचे तिन्ही भाग चुकीचे असू शकतात. वयाचा अहवाल खात्याबद्दल बोलतो, ठिकाणाचा अहवाल मोबाइल कंपनीच्या जाळ्याबद्दल आणि वेळेचा अहवाल सगळ्या यूट्यूबबद्दल. आपण मात्र तिन्ही आपल्या माणसांबद्दल म्हणून वाचतो. विषय आणि वेळ ठरवायला या अहवालांचा उपयोग आहे, पण त्यासाठी त्यांना वेगळे प्रश्न विचारावे लागतात.

उदाहरणासाठी निफाड तालुक्यातून चालणारं कांदा-द्राक्षाचं एक चॅनेल डोळ्यांसमोर धरू. चॅनेल कल्पनेतलं आहे आणि त्याचे आकडेही समजावण्यापुरते धरलेले. पण अहवाल असेच दिसतात. या चॅनेलवर दोन प्रकारचे व्हिडिओ येतात. लिलाव झाला की रोज तीन मिनिटांचा बाजारभावाचा, आणि आठवड्यातून एकदा पंधरा-सोळा मिनिटांचा पीकसल्ल्याचा. २८ दिवसांत २ लाख व्ह्यूज, आणि एका व्ह्यूमागे सरासरी चार मिनिटं पाहिलं जातं.

आधी वय. अहवालात २५ ते ३४ या गटाचे व्ह्यूज ३८ टक्के दिसतात, ४५ ते ५४ या गटाचे जेमतेम १२ टक्के. चॅनेलवाला इथेच थांबतो आणि पहिल्या गटाला आपला प्रेक्षक म्हणतो. त्याच तक्त्यात स्तंभ बदलून व्ह्यूजऐवजी पाहण्याचा एकूण वेळ घेतला, तर पहिला गट ३१ टक्क्यांवर उतरतो आणि दुसरा १९ टक्क्यांवर चढतो. म्हणजे तरुण गटाचा एक व्ह्यू सरासरी सव्वातीन मिनिटांचा आणि पन्नाशीच्या आसपासच्या गटाचा सव्वासहा मिनिटांचा पडतो. जवळपास दुप्पट. आता नवा निष्कर्ष समोर येतो : तरुणांना धीर नाही, वडीलधारे निवांत बघतात. म्हणून तरुणांसाठी छोटे व्हिडिओ करा.

हाही निष्कर्ष घाईचा आहे. बाजारभावाचा व्हिडिओ कुणीही पाहिला तरी सरासरी दोन मिनिटं पाहतो आणि सल्ल्याचा कुणीही पाहिला तरी आठ मिनिटं, असं धरू. वयाने काही फरकच पडत नाही. तरीसुद्धा वरचेच आकडे येऊ शकतात. तरुण गटाच्या दर दहा व्ह्यूजपैकी दोन सल्ल्याच्या व्हिडिओंवर आणि आठ भावाच्या व्हिडिओंवर पडले, की सरासरी सव्वातीन मिनिटांच्या आसपास येते. मोठ्या गटाच्या दहापैकी सात सल्ल्यावर पडले, की ती सव्वासहाला पोचते. धीर दोघांचा सारखाच. फक्त उघडलेल्या व्हिडिओंचं मिश्रण वेगळं. दोन शक्यतांपैकी खरी कोणती हे चॅनेलच्या बेरजेत कधीच दिसत नाही. त्यासाठी एक सल्ल्याचा व्हिडिओ निवडून त्याच्याच आत वयाचा तक्ता पाहावा लागतो. तिथे दोन्ही गट आठ मिनिटं थांबत असतील, तर तरुणांसाठी विषय कापून छोटा करायची गरज नाही. ते एकदा आत आले की थांबतात, अडचण आत येण्याची आहे. म्हणजे काम शीर्षकावर आणि थंबनेलवर करायचं. तिथेही तरुण गट चौथ्या मिनिटाला निघून जात असेल, तरच लांबीचा विचार करायचा. एकाच बेरजेतून दोन उलटे उपाय निघतात, आणि बहुतेक चॅनेलवाले या पायरीपर्यंत पोचतच नाहीत.

मुळात हे वय कुणाचं, हा प्रश्न याच्याही आधीचा. यूट्यूबचा वयाचा अहवाल लॉगिन केलेल्या खात्यांवरून बनतो आणि खात्याचं वय म्हणजे खातं उघडताना घातलेली जन्मतारीख. गावाकडे पहिला स्मार्टफोन घेताना हे खातं पुष्कळदा दुकानातल्या मुलाने उघडून दिलेलं असतं. त्याने जी तारीख टाकली ती टाकली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एका फोनवर एकच माणूस बघतो असं नसतं. कांद्याचे भाव मुलाच्या फोनवर लागतात आणि ओट्यावर बसलेले वडील ऐकतात. चाळीतला कांदा आज काढायचा की आणखी पंधरा दिवस थांबायचं, हे वडील ठरवतात. अहवालात मात्र एकटा मुलगा दिसतो, कारण खातं त्याचं आहे. बायकांचा टक्का शेतीच्या चॅनेलवर इतका कमी का दिसतो, याचंही एक कारण हेच. म्हणून २५ ते ३४ हा गट मोठा आहे यावरून एवढंच म्हणता येतं की या वयाची खाती असलेले फोन घरात जास्त चालतात. त्या घरातल्या कुणासाठी बोलायचं, हे ठरवायचं काम बोलणाऱ्याकडेच राहतं.

ठिकाणाच्या अहवालात देशांचा भाग भरवशाचा असतो. फसगत होते ती शहरांच्या यादीत. निफाडच्या या चॅनेलवर मुंबई ३० टक्के, पुणे २२ आणि नाशिक ११ असं दिसलं, तर चॅनेलवाला चक्रावतो, आणि काही दिवसांनी सुखावतोही : आपल्याला शहरी प्रेक्षक मिळाला! मग कांद्याच्या रोपवाटिकेऐवजी गच्चीवरच्या कुंड्यांचे विषय सुचू लागतात.

यूट्यूब ठिकाण ओळखतं ते आयपी पत्त्यावरून. घरच्या ब्रॉडबँडचा पत्ता बहुतेक वेळा शहरापुरता तरी बरोबर निघतो. मोबाइल डेटाचं तसं नाही. शिवारातल्या फोनमधला डेटा कंपनीच्या जाळ्यातून एखाद्या मोठ्या केंद्रापर्यंत जातो आणि तिथून इंटरनेटवर बाहेर पडतो. बाहेरच्या जगाला दिसतो तो त्या केंद्राचा पत्ता. भारतात दूरसंचार परवाने सर्कलवार दिलेले आहेत. मुंबईचं सर्कल वेगळं, आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासकट एका सर्कलमध्ये. त्यामुळे पिंपळगावचा द्राक्ष बागायतदार यादीत मुंबईकर म्हणून आला किंवा डिचोलीचा प्रेक्षक पुण्याच्या खात्यात मोजला गेला, तर नवल वाटायला नको.

मग यादीतली मुंबई खरी की केंद्राची, हे ओळखायचं कसं? एका शहराचा टक्का एकटा पाहून ते कळत नाही. तो विषयागणिक हलतो का, हे पाहावं लागतं. द्राक्षाच्या छाटणीच्या व्हिडिओवर मुंबई २९ टक्के, कांद्याच्या करप्यावर ३१, बाजारभावावर ३० असेल, तर ही मुंबई केंद्राची आहे. मुंबईत राहणाऱ्या माणसाला छाटणीत आणि करप्यात सारखाच रस असण्याचं काही कारण नाही. याच चॅनेलने कधी शेतकऱ्याकडून थेट कांदा कसा मागवावा यावर व्हिडिओ केला आणि तिथे मुंबई एकदम ४८ टक्क्यांवर गेली, तर वाढलेले ते १८ टक्के खऱ्या मुंबईकरांचे. विषय बदलला तरी जो आकडा जागचा हलत नाही, तो आवडीबद्दल काही सांगत नसतो. ही कसोटी वयाच्या तक्त्यालाही लागू पडते.

वेळेचा अहवाल तर सगळ्यांचा लाडका. ‘When your viewers are on YouTube’ या नावाखाली आठवड्याचे सात दिवस आणि प्रत्येक दिवसाचे चोवीस तास जांभळ्या पट्ट्यांनी भरलेले दिसतात. गडद जांभळा म्हणजे जास्त लोक, फिकट म्हणजे कमी. मागच्या २८ दिवसांवरून तो बनतो. २८ म्हणजे पूर्ण चार आठवडे, त्यामुळे प्रत्येक वार चार वेळा येतो आणि तुलना सरळ होते. पट्ट्यांवर आकडा मात्र नसतो. किती लोक, किती जास्त, हे कळत नाही. रंगावरून अंदाज करायचा.

या चित्राचं नावच नीट वाचायला हवं. तुमचे प्रेक्षक यूट्यूबवर कधी असतात, एवढंच ते सांगतं. त्या वेळी ते क्रिकेट बघत असतील, कीर्तन ऐकत असतील, पोरांना कार्टून लावून देत असतील. तुमचा व्हिडिओ ते कधी बघतात, हे त्यात नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक चॅनेलवर रात्री आठ ते दहाच्या पट्ट्या गडद दिसणार, कारण तेव्हा जेवणं आटोपून हातात फोन आलेला असतो. पाककृतीचं चॅनेल असो, स्पर्धा परीक्षेचं असो की कांद्याचं, चित्र जवळपास तेच. जे सगळ्यांकडे सारखं दिसतं, ते तुमच्याबद्दल फार थोडं सांगतं. शिवाय त्या गडद तासात सगळ्यांचेच नवे व्हिडिओ येऊन पडलेले असतात.

चार आठवड्यांच्या सरासरीत आणखी एक गोष्ट पुसली जाते. शेतीपंपांच्या थ्री-फेज विजेचं वेळापत्रक महाराष्ट्रात वर्षानुवर्षं चक्राकार राहिलं आहे : काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. सौर वाहिन्यांमुळे काही भागांत आता दिवसा वीज मिळू लागली आहे, पण जिथे रात्रपाळी आहे तिथे त्या आठवड्यात माणूस रात्री दोन वाजता बांधावर बसून पाण्याची पाळी सांभाळतो. तेव्हा हातात फोन असतो, वेळही असतो, आणि सोळा मिनिटांचा सल्ला ऐकायला त्याहून चांगली वेळ नाही. पण हा प्रेक्षक एका आठवड्यात मध्यरात्री आणि दुसऱ्या आठवड्यात दुपारी जागा असतो. २८ दिवसांच्या सरासरीत त्याच्या दोन्ही वेळा फिकट होऊन जातात. चित्रात तो कुठेच ठळक दिसत नाही, तरीही तोच तुमचा सगळ्यांत मन लावून ऐकणारा श्रोता असू शकतो.

परदेशातला मराठी प्रेक्षक असेल तर चित्र आणखी फसवं होतं. पाककृतीच्या एखाद्या मराठी चॅनेलवर सकाळी साडेसहा ते साडेनऊच्या पट्ट्या जरा गडद दिसल्या, तर पहिला अर्थ मनात येतो तो डब्याच्या घाईतल्या गृहिणीचा. पण न्यू जर्सीत उन्हाळ्यात रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा इथे सकाळचे साडेसहा झालेले असतात, आणि कॅलिफोर्नियात नऊ वाजतात तेव्हा साडेनऊ. चित्र तुमच्या घड्याळाप्रमाणे काढलेलं असतं, म्हणून तिकडची रात्र इकडची सकाळ होऊन दिसते. हा अहवाल देशाप्रमाणे वेगळा करून बघता येत नाही. पण अमेरिकेचं घड्याळ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जातं आणि आपलं जागेवरच राहतं. त्यानंतर चार आठवडे जाऊ द्यावेत आणि चित्र पुन्हा पाहावं. सकाळचा तो उंचवटा एक तास पुढे सरकला असेल, तर तो प्रेक्षक तिकडचा. जागचा हलला नसेल, तर डबे भरणारीच.

घड्याळाचा सगळ्यांत गमतीचा सापळा मात्र याच्या बाहेर, रोजच्या व्ह्यूजच्या आलेखात आहे. यूट्यूबच्या विश्लेषणात दिवस मोजला जातो तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेप्रमाणे. तिथली मध्यरात्र म्हणजे आपले दुपारचे साडेबारा, हिवाळ्यात दीड. त्यामुळे तुम्ही मंगळवारी सकाळी आठला टाकलेल्या व्हिडिओचे दुपारपर्यंतचे सगळे व्ह्यूज आलेखात सोमवारच्या नावावर जमा होतात. सकाळी व्हिडिओ टाकणारा एखादा चॅनेलवाला या आलेखावरून ‘आपला सोमवार चांगला जातो’ असं ठरवतो आणि आपला सगळ्यांत मेहनतीचा व्हिडिओ सोमवारवर नेतो, तेव्हा तो एक दिवस चुकलेला असतो. ताज्या ४८ तासांचा तासागणिक आलेख स्थानिक वेळेत असतो. वार ठरवायचा असेल तर तोच पाहायला हवा.

अहवालातली वेळ इतकी ढिली असेल, तर प्रकाशनाची वेळ ठरवायची कशावरून? त्याआधी एक विचारायला हवं की वेळेला इतकं महत्त्व आलं कुठून. ते आलं प्रसारणातून. मुंबई दूरदर्शनवर संध्याकाळी ‘आमची माती आमची माणसं’ लागायचं. तेव्हा तुम्ही टीव्हीसमोर नसाल तर कार्यक्रम गेला. तिथे श्रोता मोकळा असण्याची वेळ आणि कार्यक्रमाची वेळ जुळणं हाच सगळा खेळ होता. यूट्यूबवर व्हिडिओ टाकला की तो राहतो. प्रकाशनाच्या वेळेचा व्हिडिओच्या दीर्घकालीन कामगिरीवर थेट परिणाम होतो असं दिसत नाही, हे यूट्यूबच आपल्या मदतपानावर सांगतं, आणि तेही याच जांभळ्या चित्राबद्दल बोलताना.

तरी वेळ अगदीच गैरलागू नाही. ती ठरते विषयाच्या आयुष्यावरून. ते आयुष्य मोजायला एक सोपा आकडा पुरतो : पहिल्या २८ दिवसांत मिळालेल्या व्ह्यूजपैकी पहिल्या चोवीस तासांत किती आले? आपल्या चॅनेलवर बाजारभावाच्या व्हिडिओचा हा आकडा ९० टक्के निघतो आणि छाटणीच्या सल्ल्याचा १२ टक्के. पहिला व्हिडिओ दुसऱ्या दिवशी शिळा होतो, दुसऱ्याने अजून सुरुवातही केलेली नसते. दोघांना एकाच नऊ वाजताच्या नियमात बसवणं म्हणजे पालेभाजी आणि चाळीतला कांदा एकाच दिवशी बाजारात नेण्यासारखं आहे.

भावाच्या व्हिडिओची वेळ तासाने ठरते, पण तो तास प्रेक्षक ऑनलाइन असण्याचा नसतो. निर्णय घेण्याचा असतो. आजचे लिलाव संपले की भाव कळतो. त्यावरून उद्या माल न्यायचा का, हे शेतकरी ठरवतो. न्यायचा तर पिकअप सांगायची, माणसं बोलवायची, चाळीतून कांदा काढून निवडायचा आणि भरायचा. ही धावपळ संध्याकाळीच सुरू होते. रात्री नऊला व्हिडिओ आला तर तो पाहिला जाईल, कदाचित जास्तही पाहिला जाईल, पण तोवर गाडी भरलेली असेल. सहाच्या आत आला तर व्ह्यूज थोडे कमी पडले तरी तो उपयोगी पडेल, आणि उपयोगी पडला म्हणून उद्या पुन्हा उघडला जाईल. याची खूण पुन्हा येणाऱ्या प्रेक्षकांच्या आकड्यात सापडते. वेळ बदलल्यावर महिन्याभरात नव्या प्रेक्षकांच्या मानाने परतणारे वाढले, तर वेळ बरोबर बसली.

छाटणीच्या व्हिडिओचं घड्याळ वेगळं. तिथे तास बघायचाच नाही. पंचांग बघायचं, तेही पिकाचं. महाराष्ट्रात द्राक्षाची वर्षातून दोनदा छाटणी होते. माल निघाल्यावर उन्हाळ्याच्या तोंडाशी खरड छाटणी, आणि पावसाळा ओसरताना फळछाटणी, जिला ऑक्टोबर छाटणी म्हणतात. फळछाटणीवर मागच्या वर्षी केलेल्या व्हिडिओचा वर्षभराचा आलेख काढला तर मधले महिने तो जमिनीला टेकलेला दिसतो आणि मग एक उंचवटा उठतो. उंचवट्याचं शिखर महत्त्वाचं नाही. तो कुठल्या आठवड्यात उठायला लागला ते महत्त्वाचं. त्या आठवड्यापासून लोक शोध घेऊ लागलेले असतात. यंदाचा व्हिडिओ त्याच्या आधी दोन-तीन आठवडे तिथे असला पाहिजे. मग तो मंगळवारी टाका की शुक्रवारी, सकाळी की रात्री.

याच आलेखातून ठिकाणाचंही उत्तर मिळतं, जे शहरांच्या यादीने दिलं नव्हतं. बागलाण-सटाण्याकडे अर्ली द्राक्षं घेतली जातात. तिथे फळछाटणी भर पावसाळ्यातच सुरू होते. निफाड-दिंडोरीत ती बरीच नंतर येते. शहरांच्या यादीत हे दोन्ही शेतकरी मुंबई, पुणे किंवा नाशिक यांपैकी कशातही मोजले गेलेले असतात. त्यांना वेगळं करायचा मार्ग तिथे नाही. पण छाटणीच्या जुन्या व्हिडिओला जुलै-ऑगस्टमध्ये एक छोटा उंचवटा आणि सप्टेंबर अखेरीपासून दुसरा मोठा उंचवटा असेल, तर पहिला सटाण्याकडचा आहे हे सांगायला आयपी पत्ता लागत नाही. पावसात छाटलेल्या बागेला डाऊनीचा धोका जास्त, म्हणून त्या प्रेक्षकासाठी जूनमध्ये वेगळा व्हिडिओ करता येतो. विषय आणि तारीख दोन्ही इथे एकाच आलेखातून निघाले, आणि तो आलेख वय, ठिकाण, वेळ या तिन्ही तक्त्यांत नव्हता.

यावर एक रास्त हरकत येते. एवढा काथ्याकूट कशाला, प्रयोग करून बघा ना! काही व्हिडिओ सहाला टाका, काही नऊला, आणि आकडे काय म्हणतात ते पाहा. हरकत तत्त्वाने बरोबर आहे, पण छोट्या चॅनेलला हा प्रयोग झेपत नाही. सल्ल्याचे व्हिडिओ आठवड्याला एक. आठ सहाला आणि आठ नऊला टाकायचे तर चार महिने जातात, आणि चार महिन्यांत हंगाम बदलतो. शिवाय एकाच चॅनेलवर एका व्हिडिओला ४ हजार व्ह्यूज आणि दुसऱ्याला २० हजार, असा पाचपट फरक नेहमीचा असतो. विषय, शीर्षक, त्या आठवड्याचा पाऊस, सगळं त्यात मिसळलेलं. वेळेमुळे पडणारा फरक पाच-दहा टक्क्यांचा असेल तर तो या गोंधळात दिसणारच नाही, आणि दिसलाच तर तो वेळेचा आहे की भाव पडल्याचा, हे सांगता येणार नाही. रोजच्या भावाच्या व्हिडिओंवर मात्र हा प्रयोग जमतो, कारण ते एकसारखे असतात आणि महिन्याला वीस-पंचवीस येतात. तिथेही तुलना चोवीस तासांची न करता सात दिवसांची करावी. लवकर टाकलेल्याला सुरुवातीला मिळालेली आघाडी पुढे टिकते की विरते, ते सात दिवसांत कळतं.

एका ठिकाणी मात्र जांभळं चित्र जसंच्या तसं मानावं : थेट प्रक्षेपणासाठी. तज्ज्ञाला समोर बसवून शेतकऱ्यांचे प्रश्न घ्यायचे असतील, तर दोघं एकाच वेळी हजर हवेत. तिथे प्रसारणाचा जुना नियम पुन्हा खरा होतो आणि रात्रीचा गडद तास कामाला येतो. अहवाल चुकीचा नव्हता; तो या प्रश्नासाठी बनला होता.

आणि विषय? ते वयाच्या तक्त्यावरून ठरवण्यात एक खोल धोका आहे. अहवालात आलेले लोकच असतात; जे आलेच नाहीत, ते नसतात. बाजारभावाचे व्हिडिओ जास्त केले की भाव बघणारे येतात, ते बहुतेक तरुणांच्या फोनवरून येतात, म्हणून तरुण गट फुगतो, म्हणून आणखी भावाचे व्हिडिओ. सहा महिन्यांनी अहवाल छातीठोकपणे सांगतो की तुमचा प्रेक्षक तरुण आहे आणि त्याला भाव हवेत. ही तुमच्याच निवडीची पावती असते, प्रेक्षकाची मागणी म्हणून तुमच्या हाती आलेली.

हे चक्र मोडणारा आकडा दुसऱ्या अहवालात आहे : यूट्यूबवर काय शोधून लोक तुमच्यापर्यंत आले, त्या शोधशब्दांच्या यादीत. तिथे वरचे शब्द सोडून खालच्या ओळी वाचाव्यात, आणि प्रत्येक ओळीसमोरचा पाहण्याचा सरासरी वेळ पाहावा. ‘कांदा पीळ रोग औषध’ असं शोधून आलेले पन्नास लोक तुमच्या भावाच्या व्हिडिओवर पडले असतील आणि वीस सेकंदांत परत गेले असतील, तर त्या पन्नास जणांनी तुम्हाला विषय दिला. त्यांचं वय, शहर आणि ऑनलाइन असण्याची वेळ कळली नाही तरी चालतं, कारण त्यांच्या शेतात काय चाललंय ते कळलं. व्ह्यूजच्या हिशेबात पन्नास हा आकडा नगण्य, म्हणून तो कुठल्याच सरासरीत वर येत नाही. असे वीस सेकंदांत परत गेलेले लोक शोधणं हेच अहवाल वाचण्याचं खरं काम.

म्हणून माझा आग्रह क्रम उलटा करण्याचा आहे. आज क्रम असा आहे की वय आणि ठिकाण पाहून विषय, आणि जांभळ्या पट्ट्या पाहून वेळ. त्याऐवजी विषय शोधशब्दांतून आणि पिकाच्या पंचांगातून उचलावा. त्याचं आयुष्य पहिल्या चोवीस तासांच्या वाट्यावरून मोजावं. आयुष्य एका दिवसाचं असेल तर माणसाच्या निर्णयाचा तास गाठावा, हंगामाचं असेल तर शोध सुरू होण्याचा आठवडा. वय, ठिकाण आणि वेळ हे तीन अहवाल सगळ्यांत शेवटी उघडावेत, आणि त्यांना एकच विचारावं : विषय बदलल्यावर तुमच्यातला कोणता आकडा हलला? जो हलला त्याच्यावर विचार करा. जो हलला नाही, त्याच्या भरवशावर चॅनेलचं धोरण बांधू नका.